८५ अक्षरांत ‘कदाचित’ मावत नाही: हायलाइट्स आणि ग्राफिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा आराखडा

प्रश्न: पेपर पूर्ण झालाय. लोह चढवलेल्या बायोचारने पाण्यातलं फ्लोराइड काढण्यावर आहे. जर्नलने सबमिशन परत पाठवलं, कारण हायलाइट्स ८५ अक्षरांपेक्षा लांब होते आणि ग्राफिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचता येत नव्हतं. सारांशातली पाच वाक्यं कापून मी हायलाइट्स केले होते आणि चित्रात प्रक्रिया, एसईएम, आलेख असं सगळं घातलं होतं. हे नक्की करायचं कसं? पेपर आणि दोन्ही फाइल्स सोबत जोडल्या आहेत.

उत्तर:

तिन्ही फाइल्स वाचल्या. वाक्यं लांब असणं ही तुमची खरी अडचण नाही. लांबी अर्ध्या तासात आटोक्यात येईल. अडचण अशी की तुमच्या पेपरातली सगळ्यात कामाची गोष्ट ना हायलाइट्समध्ये आहे, ना चित्रात. ती शेवटून दुसऱ्या विभागात, तक्ता ४ मध्ये बसली आहे. आणि सारांशातून हायलाइट्स काढले की असंच होतं, कारण सारांश लिहिताना आपण पेपराचा क्रम पाळतो: पदार्थ बनवला, तपासला, वापरला, चांगला निघाला. हायलाइट्सना तो क्रम नकोच असतो.

तुम्ही पाठवलेले पाच मुद्दे मराठीत असे होतात:

१. लोहयुक्त बायोचार यशस्वीरीत्या तयार केला.
२. एसईएम, एक्सआरडी, एफटीआयआरने त्याचे गुणधर्म सविस्तर तपासले.
३. लँगम्यूर आणि छद्म-द्वितीय क्रमाचं मॉडेल उत्तम जुळलं.
४. ९.६ मिग्रॅ/ग्रॅम इतकी उच्च क्षमता मिळाली.
५. बायकार्बोनेटच्या स्पर्धेमुळे भूजलात क्षमता घटते, तरी पदार्थ प्रत्यक्ष वापरासाठी आशादायक आहे.

मी मुद्दाम मराठीत उतरवलेत. कुठल्याही पेपरचे हायलाइट्स मी आधी मराठीत लिहितो आणि मग इंग्रजीत नेतो. इंग्रजीत आपल्या हाताला काही साचे इतके सरावलेत की ते लिहिले जातात तेव्हा आपलं लक्षही नसतं. ‘यशस्वीरीत्या तयार केला’ हे मराठीत वाचलं की लगेच मनात येतं: अयशस्वी झाला असता तर पेपर लिहिला असता का? पहिला मुद्दा तिथेच गळतो. दुसऱ्यात तर निष्कर्षच नाही, फक्त उपकरणांची हजेरी आहे. एसईएमने काय दिसलं ते सांगा, एसईएम केलं हे सांगू नका.

तिसऱ्याबद्दल थोडं थांबतो, कारण तो तुमच्या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक पेपरात असतो. छद्म-द्वितीय क्रमाचं समीकरण अधिशोषणाच्या बहुतेक विदेवर जुळतं, विशेषतः समतोलाच्या जवळ घेतलेले बिंदू जास्त असले की. तुमच्या आकृती ५ मध्येही अकरा बिंदूंपैकी सात बिंदू वक्र सपाट झाल्यानंतरचे आहेत. तिथे हे मॉडेल जुळणारच. जी गोष्ट जवळपास सगळीकडे खरी ठरते ती तुमच्या पदार्थाबद्दल वाचकाला काही सांगत नाही. पेपरात राहू दे, हायलाइट्समध्ये तिला जागा नाही.

आता वही उघडा किंवा स्प्रेडशीट घ्या, पण सारांशाचं पान झाकून ठेवा. पेपर मागून पुढे वाचा, म्हणजे आधी शेवटचा तक्ता, मग शेवटची आकृती, असं करत प्रस्तावनेकडे. प्रत्येक ठोस निष्कर्षाला एक ओळ द्या आणि तिला चार रकाने करा: काय दिसलं, किती, कुठल्या आकृतीत किंवा तक्त्यात, आणि कोणत्या परिस्थितीत. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर त्या ओळीपाशी थांबून मूळ प्रयोगाची पद्धत पुन्हा वाचा. तुमच्या पेपरातून माझ्याकडे तेरा ओळी निघाल्या. त्यातल्या तीन इथे उलगडून दाखवतो, बाकीच्या तुम्ही करालच.

पहिली ओळ क्षमतेची. ९.६ मिग्रॅ/ग्रॅम हा आकडा आकृती ६ मधल्या लँगम्यूर वक्रातून काढलेला आहे, मोजलेला नाही. प्रयोगात प्रत्यक्ष दिसलेली सर्वांत जास्त क्षमता ७.८ आहे. तीही शुद्ध पाण्यात, सामू ६ ला. मॉडेलमधून निघालेली कमाल क्षमता सांगण्यात गैर काही नाही, पण ‘मिळाली’ हे क्रियापद तिला शोभत नाही. शिवाय १० मिग्रॅ/लिटर फ्लोराइड असलेलं पाणी घेणाऱ्या माणसाला ती क्षमता कधीच भेटणार नाही, कारण ती फार जास्त संहतीला गाठली जाते. तुमच्याच आकड्यांवरून बघा: २ ग्रॅम/लिटर मात्रा, फ्लोराइड १० वरून १.२, म्हणजे ८.८ मिग्रॅ दोन ग्रॅमांनी धरलं. ग्रॅममागे ४.४. कमाल क्षमतेच्या निम्म्याहून कमी. वापरणाऱ्याला हा दुसरा आकडा हवा असतो.

दुसरी ओळ भूजलाची, तक्ता ४. सुरुवातीला ४.८ मिग्रॅ/लिटर फ्लोराइड होतं, २ ग्रॅम/लिटर मात्रेला ते १.९ वर आलं, आणि ४ ग्रॅम/लिटरला १.३ वर. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यासाठीचं मार्गदर्शक मूल्य १.५ मिग्रॅ/लिटर आहे. म्हणजे ज्या मात्रेने शुद्ध पाण्यातलं १० चं फ्लोराइड मर्यादेखाली गेलं, त्याच मात्रेने भूजलातलं ४.८ चंही गेलं नाही. ही तुमच्या पेपराची बातमी! क्षेत्रातला माणूस हे वाचून उद्या काहीतरी वेगळं करेल: मात्रा ठरवताना शुद्ध पाण्याचा आलेख वापरणार नाही. एखादी ओळ हायलाइट होण्याजोगी आहे का हे मी एवढ्याच कसोटीवर ठरवतो. ती वाचून त्याच विषयातला माणूस आपल्या प्रयोगात काय बदलेल? काहीच नाही असं उत्तर आलं तर ओळ खोडायची.

याच ओळीचा चौथा रकाना भरताना लक्षात आलं की भूजलाचा नमुना एकच आहे. तीन पुनरावृत्ती केल्यात, पण त्या एकाच पाण्याच्या. तीन पुनरावृत्ती म्हणजे तीन विहिरी नव्हेत. म्हणून हायलाइटमध्ये ‘भूजलात’ असं सरसकट न लिहिता ‘एका भूजल नमुन्यात’ असं लिहावं लागेल. काही अक्षरं जास्त जातात, जाऊ देत.

तिसरी ओळ सगळ्यात नाजूक. तुमच्या पाचव्या मुद्द्यात ‘बायकार्बोनेटच्या स्पर्धेमुळे’ असं आहे. मूळ चर्चेत वाक्य असं आहे: ही घट कदाचित बायकार्बोनेट आणि फ्लोराइड यांच्यातल्या जागांच्या स्पर्धेमुळे असावी. कापताना ‘कदाचित’ गेलं, ‘असावी’ गेलं, आणि शंकेचं ठाम विधान झालं. ८५ अक्षरांच्या मर्यादेत सगळ्यात आधी बळी जातो तो या शब्दांचा, कारण ते काढले तरी वाक्य व्याकरणात उभंच राहतं.

आणि इथे शंका खरी आहे. आयनांच्या प्रयोगात तुम्ही बायकार्बोनेट वाढवत नेलंत तसा पाण्याचा सामूही ६ वरून ८.२ पर्यंत गेला. पूरक तक्त्यात नोंद आहे. तुमच्या पदार्थाचा शून्य-भार बिंदू ७.४ आहे. त्याच्या वर पृष्ठभागावर ऋण भार येतो आणि तो ऋणभारित फ्लोराइडला दूर लोटतो. म्हणजे घट स्पर्धेमुळे असेल, वाढलेल्या सामूमुळे असेल, किंवा दोन्हींमुळे. सामू ६ ला बांधून पुन्हा प्रयोग केला तरी सुटका नाही, कारण त्या सामूला बायकार्बोनेटचा मोठा भाग विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बदललेला असतो. तेव्हा कारण सांगू नका, सोबत काय बदललं ते सांगा. ‘बायकार्बोनेट आणि सामू वाढले तसं कमी फ्लोराइड धरलं गेलं’ हे विधान तुमचा तक्ता पेलू शकतो. ‘स्पर्धेमुळे’ हे पेलू शकत नाही.

या तेरा ओळींतून चार उरल्या. पाच भरायचेच असा नियम नाही. एल्सव्हिअरच्या जर्नलांत तीन ते पाच मुद्दे चालतात आणि प्रत्येक मुद्दा मोकळ्या जागा धरून जास्तीत जास्त ८५ अक्षरांचा. माझा मसुदा असा:

१. सामू ६ ला शुद्ध पाण्यातलं १० मिग्रॅ/लि फ्लोराइड ६० मिनिटांत १.२ वर आलं.
२. एका भूजल नमुन्यात मर्यादेखाली जायला दुप्पट मात्रा लागली (४ ग्रॅम/लि).
३. बायकार्बोनेट आणि सामू वाढले तसं कमी फ्लोराइड धरलं गेलं.
४. पाच वापरांनंतर मूळ क्षमतेच्या ७१ टक्के क्षमता शिल्लक राहिली.

क्लोराइड आणि नायट्रेटचा परिणाम नगण्य निघाला, ती ओळही चांगली होती. पण तिसऱ्या मुद्द्याला ती चिकटवायला गेलो की वाक्य फुटतं. एका मुद्द्यात दोन निष्कर्ष कोंबणं हा अक्षरमर्यादेला फसवण्याचा जुना उपाय आहे, आणि वाचकाच्या लक्षात त्यातला एकही राहत नाही. ‘लोह चढवलेला बायोचार’ हे शब्द मी चारही ठिकाणी गाळलेत. ते शीर्षकात आहेत आणि हायलाइट्स शीर्षकाजवळच दिसतात. पण शोधयंत्रात किंवा मेलमध्ये मुद्दे सुटे दिसू शकतात, म्हणून निदान पहिल्यात पदार्थाचं नाव घालून बघा. बसलं तर ‘६० मिनिटांत’ काढा, कारण वेळ तुमच्या पेपराचा मुद्दा नाही.

इंग्रजीत नेल्यावर मर्यादा मोजायची ती तिथल्या मजकुराची, या मराठी वाक्यांची नव्हे. स्प्रेडशीटमध्ये एकेक मुद्दा एकेका घरात ठेवा आणि शेजारी हे सूत्र लिहा:

```
=LEN(A2)
```

हे मोकळ्या जागा मोजतं, म्हणजे जर्नल मोजतं तसंच. शेवटी राहून गेलेली एक मोकळी जागाही मोजली जाते. ८६ आले आणि कारण सापडेना तर आधी तिथे बघा. इंग्रजीतल्या शास्त्रीय मजकुरात ८५ अक्षरं म्हणजे साधारण बारा-तेरा शब्द. एकक लिहिताना घातांकाची पद्धत टाळून तिरकी रेघ वापरा, `mg/g` अशी. सबमिशनच्या पोर्टलवर कधीकधी वर लिहिलेला उणे एक खाली येऊन साधा एक होतो आणि एककाचा अर्थच बदलतो. संक्षेपही टाळा. ज्याने पेपर उघडलेला नाही त्याला तुम्ही पदार्थाला दिलेलं चार अक्षरी टोपणनाव काय कळणार? फाइल वेगळी, बदलता येण्याजोगी, आणि नावात `highlights` हा शब्द असलेली द्यायची असते.

आता चित्र.

तुमचं चित्र मी आधी मूळ आकारात पाहिलं तेव्हा ते वाईट नव्हतं. मग ते जिथे दिसणार त्या आकारात पाहिलं आणि परत पाठवणाऱ्याची अडचण कळली. एल्सव्हिअर किमान ५३१ पिक्सेल उंच आणि १३२८ पिक्सेल रुंद चित्र मागतं, पण ते पडद्यावर ५ × १३ सेंटिमीटरमध्ये, ९६ डीपीआयला वाचता आलं पाहिजे असंही सांगतं. हे दुसरं वाक्य बहुतेकजण वाचून सोडून देतात. १३ सेंटिमीटर म्हणजे त्या पडद्यावर सुमारे ४९१ पिक्सेल. १३२८ चे ४९१ होतात म्हणजे चित्र २.७ पट आक्रसतं. तुमच्या आलेखांच्या अक्षावरचे आकडे मूळ चित्रात १४ पिक्सेल उंच होते. वाचकापर्यंत ते पाच पिक्सेलचे होऊन पोहोचले. पाच पिक्सेलमध्ये ३ आणि ८ सारखेच दिसतात. पडद्यावर अकरा पिक्सेल उंचीची अक्षरं जेमतेम वाचता येतात, म्हणून मूळ चित्रात तीस पिक्सेलपेक्षा लहान काहीच लिहू नका. हा एकच नियम पाळलात की एसईएमची चार छायाचित्रं, तीन आलेख आणि भट्टीचं चित्र आपोआप बाहेर जातात, कारण ते मावतच नाहीत.

जर्नल बदललं की आकारही बदलतो. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची चौकट ८ × ४ सेंटिमीटरची असते, सेल प्रेस १२०० × १२०० पिक्सेलचा चौरस मागतं. आडव्या पट्टीसाठी आखलेली मांडणी चौरसात दाबून बसत नाही, नव्याने आखावी लागते. तेव्हा जर्नल ठरण्याआधी रेखाटायला बसू नका. आराखडा शब्दांत मात्र आधी करता येतो, आणि तसाच करावा.

शब्दांतला आराखडा म्हणजे तीन गोष्टी: चित्र कोणतं एकच वाक्य बोलतं, त्यात काय काय दिसेल, आणि प्रत्येक गोष्टीला पेपरातला कोणता पुरावा आहे. वाक्य चार हायलाइट्सपैकी एकातून घ्यायचं, चारांची गोळाबेरीज करायची नाही. तुमच्यासाठी दुसरा मुद्दा घ्या: भूजलात मर्यादेखाली जायला दुप्पट मात्रा लागली. पहिला मुद्दा जास्त देखणा आहे, मान्य, पण तसं चित्र या विषयावरच्या शेकडो पेपरांत आधीच आहे.

या वाक्याला काय लागतं? मात्रा शून्य, २ आणि ४ असताना भूजलात उरलेलं फ्लोराइड, आणि १.५ ची रेघ. एवढंच. म्हणून पट्टीचे दोन भाग करा. डावीकडचा सुमारे ४०० पिक्सेलचा भाग पदार्थासाठी: बायोचारचा एक कण, त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि खाली नाव. उजवीकडचे ८५० पिक्सेल तीन पाण्याच्या स्तंभांसाठी, आणि चहूबाजूंनी चाळीसेक पिक्सेल मोकळे. स्तंभांची उंची प्रमाणात ठेवा. एका मिग्रॅला ७० पिक्सेल धरले तर ४.८ चा स्तंभ ३३६ पिक्सेल, १.९ चा १३३, १.३ चा ९१, आणि मर्यादेची तुटक रेघ १०५ वर. आता तिसऱ्या स्तंभाचा माथा आणि रेघ यांच्यात १४ पिक्सेलचं अंतर आहे. आक्रसल्यावर ते पाच पिक्सेलचं होतं. दिसतं, पण काठावर. म्हणून रेघ जाड करू नका. मूळ चित्रात तीन पिक्सेल पुरेत. ती दहा पिक्सेलची केलीत तर अंतराचा चांगला तिसरा हिस्सा रेघच खाऊन टाकेल आणि वाचकाला १.३ चा स्तंभ मर्यादेला टेकलेला दिसेल. स्तंभावर आकडा लिहा, मग उभ्या अक्षाची आणि त्यावरच्या खुणांची गरज उरत नाही.

अंतर डोळ्यात भरावं म्हणून स्तंभ शून्याऐवजी एकपासून सुरू करायचा मोह होईल. करू नका. पाण्याच्या स्तंभाचा तळ कापला की ४.८ आणि १.३ यांचं प्रमाण खोटं होतं, आणि जिथे अक्षच काढलेला नाही तिथे वाचकाला ते कळायला मार्गही नसतो.

डावीकडच्या कणाबद्दल एक इशारा. तुमच्या जुन्या चित्रात कणाच्या पृष्ठभागावर फ्लोराइडचे आणि बायकार्बोनेटचे गोळे एकमेकांना ढकलताना दाखवलेत. सुंदर काढलंय, पण ते ‘कदाचित’शिवायचं तेच वाक्य आहे. शब्दांतून आपण दावा सौम्य करू शकतो, चित्रात ‘असावं’ काढायची सोय नाही. जे काढलं ते झालंच असं वाचक धरतो. यंत्रणा सिद्ध करणारी मोजमापं, म्हणजे फ्लोराइड धरण्याआधीचा आणि नंतरचा पृष्ठभागाचा एक्सपीएस वगैरे, पेपरात नाहीत. तेव्हा गोळे काढून टाका. कण शांत बसलेला दाखवा.

बाणांचंही तसंच. तुमच्या चित्रात सात बाण होते. एक ‘यानंतर हे केलं’ सांगत होता, दुसरा ‘याचं हे झालं’, तिसरा ‘यामुळे हे घडलं’, आणि सगळे एकाच निळ्या रंगाचे. नव्या चित्रात एकच बाण लागतो: कणाकडून स्तंभांकडे, अर्थ ‘पाण्यात टाकला’. कधी दुसरा लागलाच तर त्याचाही अर्थ तोच असला पाहिजे.

बाणाने मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. एका पेपरात प्रक्रिया केलेल्या पाण्यापासून पेल्याकडे जाणारा बाण काढला होता. माझ्या मनात त्याचा अर्थ ‘बाहेर पडलेलं पाणी’ एवढाच होता. रिव्ह्यूअरने विचारलं, हे पाणी पिण्यायोग्य असल्याचा दावा कुठल्या तपासणीवर करताय? आम्ही जिवाणूंची चाचणीच केली नव्हती. पेला काढून चंचुपात्र काढलं, वाद मिटला. तुमच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात नळ आणि हसणारं कुटुंब आहे. तेही काढा.

चित्रातले शब्द आराखड्यातच मोजून लिहून ठेवा, नाहीतर रेखाटताना ते वाढत जातात. तुमच्यासाठी एवढे पुरेत: पदार्थाचं नाव, प्रत्येक स्तंभाखाली मात्रा, प्रत्येकावर आकडा, रेघेजवळ ‘मर्यादा १.५’; आणि स्तंभांच्या वर ‘एक भूजल नमुना, फ्लोराइड, मिग्रॅ/लि’. वाक्य एकही नाही. ‘ग्राफिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ असं शीर्षकही चित्रात घालायचं नसतं. रंग दोनच घ्या, मर्यादेच्या वरच्या पाण्याला नारिंगी, खालच्याला निळा. लाल आणि हिरवा ही जोडी टाळा, रंगांधळेपणाच्या सर्वांत सामान्य प्रकारात तेच दोन एकमेकांत मिसळतात. तयार चिन्हांच्या संग्रहातून काही घेतलंत तर प्रकाशनासाठीचा परवाना तपासा, आणि दुसऱ्याच्या पेपरातली एसईएम प्रतिमा ‘फक्त नमुन्यादाखल’ म्हणूनही वापरू नका.

रेखाटायला इंकस्केप चालेल, स्लाइडचं सॉफ्टवेअरही चालेल, फक्त पानाचं प्रमाण आधी ५३१:१३२८ करून घ्या. इंकस्केपमधून दुप्पट आकाराची फाइल अशी निघते:

```
inkscape ga.svg --export-type=png --export-width=2656 --export-filename=ga.png
```

मग ती वाचकाच्या आकाराला आणि सोबत करड्या रंगात आणून बघा:

```
magick ga.png -resize 491x ga_small.png
magick ga_small.png -colorspace Gray ga_gray.png
```

`ga_small.png` शंभर टक्के झूमला उघडा, मोठी करू नका. प्रत्येक आकडा वाचता येतो का? करड्या प्रतीत नारिंगी आणि निळा स्तंभ वेगळे दिसतात का? दिसत नसतील तर एक रंग गडद करा. यानंतर तीच छोटी प्रत तुमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या कुणाला तरी दहा सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: काय कळलं? ‘बायोचार फ्लोराइड काढतो’ असं उत्तर आलं तर चित्र अजून जुनीच गोष्ट सांगतंय. मात्रेचे आकडे मोठे करा, कण लहान करा. ‘जास्त टाकावं लागतं’ असं उत्तर आलं की चित्र तयार झालं. समजावून सांगायला तोंड उघडू नका, छापलेल्या चित्राशेजारी तुम्ही उभे नसणार.

पाठवण्याआधी त्या चार रकान्यांच्या वहीकडे परत या. हायलाइट्समधला आणि चित्रातला प्रत्येक आकडा तिथल्या आकृती-तक्त्याशी पडताळा. तुमच्या सारांशात ८७.६ टक्के निर्मूलन आहे, निष्कर्षात ८८, आणि १० वरून १.२ म्हणजे बरोबर ८८. तुमचा तक्ता एकच दशांश स्थळ देतो, तर मग ८७.६ आलं कुठून? बहुधा गोल न केलेल्या आकड्यांवरून काढलं असेल, पण वाचकाला तसं दिसत नाही. सगळीकडे ८८ करा.

आणि ती वही जपून ठेवा. रिव्ह्यू आले की तुम्हाला बहुतेक भूजलाचे आणखी नमुने तपासायला सांगतील, मी असतो तर सांगितलंच असतं. तक्ता ४ बदलेल, पेपरातले आकडे तुम्ही दुरुस्त कराल, आणि हायलाइट्सची आणि चित्राची फाइल पोर्टलवर जुनीच राहील, कारण सुधारित सबमिशन करताना जुन्या फाइल्स आपोआप पुढे येतात. तेव्हा ‘एका भूजल नमुन्यात’ हे शब्द आणि चित्रातलं ‘एक भूजल नमुना’ दोन्ही बदलायचे आहेत, एवढं वहीच्या दुसऱ्या ओळीसमोर आत्ताच लिहून टाका.